साखर उतरली, पण हृदयाचं काय?

मधुमेहाचा रुग्ण ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी तपासणी करून घेतो, तिचं नाव एचबीए१सी. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, हे तिच्यातून कळतं. पण हा आकडा कमी झाला म्हणून रुग्णाला स्वतःला काही जाणवत नाही. त्याला दृष्टी टिकायला हवी असते, हृदयविकाराचा झटका टळायला हवा असतो. या परिणामांची वर्षानुवर्षं वाट पाहण्याऐवजी जो आकडा मोजतात, तो सरोगेट एंडपॉइंट, म्हणजे पर्यायी निकष.

एचबीए१सीला ही पत १९९३ मध्ये मिळाली. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरच्या डीसीसीटी या चाचणीत काटेकोर इन्सुलिन उपचारांनी ती सुमारे ९ वरून ७ टक्क्यांवर आली आणि नव्याने डोळ्यांचा पडदा खराब होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं. १९९८ मध्ये ब्रिटनच्या यूकेपीडीएस या चाचणीने टाइप २ मध्येही बारीक रक्तवाहिन्यांच्या बाबतीत तसाच कौल दिला, फायदा बराच लहान असला तरी. मात्र हा पुरावा मुख्यतः डोळे आणि मूत्रपिंडांचा होता. पुढे तो हृदयाच्याही खात्यात जमा धरला गेला, आणि घोळ तिथेच झाला.

रोझिग्लिटाझोनला १९९९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती साखर उतरवण्याच्या जोरावर. २००७ मध्ये ४२ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात या औषधाबरोबर हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त दिसली. त्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला. पण हे औषध शरीरात पाणी साठवतं आणि हार्ट फेल्युअर वाढवतं, याबद्दल वाद नव्हता. साखरेच्या आकड्यात यातलं काहीच उमटत नाही.

तरी दोष एका औषधाचा, असं म्हणता आलं असतं. २००८ च्या अ‍ॅकॉर्ड चाचणीने ती सोय ठेवली नाही. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या १०,२५१ रुग्णांपैकी निम्म्यांची एचबीए१सी ६ टक्क्यांखाली आणायची, उरलेल्यांची ७ ते ७.९ मध्ये ठेवायची, अशी आखणी होती. पहिल्या गटाने ६.४ गाठली, दुसरा ७.५ वर राहिला. पर्यायी निकषावर बाजी सरळ पहिल्या गटाची. मृत्यू मात्र त्याच गटात २५७ झाले, दुसऱ्यात २०३. काटेकोर उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. साखर फार खाली जाणं आणि वजन वाढणं, दोन्ही या गटात जास्त होतं. मृत्यूंचं नेमकं कारण मात्र आजही पक्कं ठरलेलं नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या संस्थेने मधुमेहाच्या नव्या औषधांसाठी हृदयाचा धोका स्वतंत्रपणे तपासण्याची अट घातली. तिच्यामुळे एक उलटा नमुना हाती आला. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाच्या चाचणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू ते न घेणाऱ्या गटात ५.९ टक्के, तर घेणाऱ्या गटात ३.७ टक्के होते, आणि हा फरक काही महिन्यांतच दिसू लागला होता. दोन गटांच्या एचबीए१सीमधलं अंतर चाचणी संपताना अर्धा टक्काही नव्हतं. नुसत्या साखरेवर तोललं असतं, तर हे औषध बेताचंच ठरलं असतं.