दीड दोनदा, अडीच गायब

३ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये दीड दोनदा वाजला. उन्हाळ्यासाठी तासभर पुढे नेलेली उन्हाळी वेळ त्या रात्री संपली. घड्याळ १:५९ वर पोचलं आणि पुढच्या मिनिटाला दोन वाजण्याऐवजी पुन्हा एक वाजला.

समजा, तिथल्या एका परिचारिकेची रात्रपाळी अकराला सुरू झाली आणि बरं नसल्यामुळे ती दीड वाजता घरी गेली. हजेरीच्या यंत्रात नुसतंच '१:३०' नोंदलं गेलं. तिचं काम अडीच तास झालं की साडेतीन? या नोंदीवरून ते कुणालाच सांगता येणार नाही. गणित चुकलेलं नाही, नोंदच अपुरी आहे.

भारतातलं घड्याळ त्या रात्री हललं नाही, म्हणून इथून पाहिलं की गुंता सुटतो. पहिला दीड वाजला तेव्हा पुण्यात सकाळचे अकरा वाजले होते आणि दुसऱ्या वेळी दुपारचे बारा. संगणकही असंच एक न हलणारं घड्याळ धरतो: यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. स्थानिक वेळ तिच्यापासून किती दूर आहे तेही नोंदीत लिहिलं, की दोन्ही दीड वेगळे दिसतात:

```
2024-11-03T01:30:00-04:00
2024-11-03T01:30:00-05:00
```

पहिली ओळ उन्हाळी वेळेची, यूटीसीच्या चार तास मागे. दुसरी पाच तास मागे. १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद मोजणाऱ्या युनिक्स टाइमस्टॅम्पमध्ये त्या 1730611800 आणि 1730615400 होतात. फरक बरोबर ३६०० सेकंदांचा, एका तासाचा. ही मोजणी त्या रात्री मागे आली नाही की थबकली नाही. मागे गेली ती फक्त माणसांना दाखवायची वेळ.

मार्चमध्ये उलटं होतं. १० मार्च २०२४ ला १:५९ नंतर थेट तीन वाजले, त्यामुळे त्या रात्री अडीच वाजलेच नाहीत. नेमक्या अडीचला रोज चालणारं काम लावून ठेवलं असेल तर? जावामधली `ZonedDateTime` ती वेळ तासभर पुढे ढकलून साडेतीन करते. काही प्रणाली ते काम त्या दिवशी गाळूनच टाकतात. म्हणून रात्रीचा बॅकअप वर्षातून एकदाच चुकत असेल, तर मी आधी तारीख पाहीन.

मग सगळं यूटीसीतच साठवावं का? घडून गेलेल्या गोष्टींसाठी जरूर. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊला ठेवलेल्या भेटीसाठी मात्र ते पुरत नाही. मधल्या काळात कायदा बदलून उन्हाळी वेळ बंद झाली किंवा वर्षभर कायम झाली, तर आज काढून ठेवलेला यूटीसी क्षण तिथल्या आठ किंवा दहा वाजता येऊ शकतो, आणि माणसं तर नऊलाच येणार. अशा नोंदीत '९:००' आणि `America/New_York` हे दोन्ही ठेवायचे, आणि यूटीसी त्या वेळी लागू असलेल्या नियमांवरून काढायची.