जाहिरात न पाहिलेल्यांना विचारलेला प्रश्न

व्हिडिओ जाहिरातीची मोहीम संपली की ती किती जणांपर्यंत पोहोचली, किती जणांनी शेवटपर्यंत पाहिली आणि किती जणांनी पाचव्या सेकंदाला पुढे ढकलली, याचे आकडे आपोआप जमा झालेले असतात. ते सगळे पडद्यावर काय घडले ते सांगतात. जाहिरात पाहिल्यामुळे ब्रँड ओळखणारे किंवा पुढच्या खरेदीत त्याचा विचार करणारे लोक वाढले का, हे मात्र लोकांना विचारल्याशिवाय कळत नाही. या वाढीला ब्रँड लिफ्ट म्हणतात. ती मोजण्यासाठी एका प्रश्नाचे छोटे सर्वेक्षण पुरते, पण तो प्रश्न कोणत्या दोन गटांना विचारायचा हे ठरवणे त्याहून कितीतरी अवघड असते.

सहज सुचणारा मार्ग असा, की जाहिरात पाहिलेल्यांना विचारावे, न पाहिलेल्यांनाही विचारावे आणि दोन्ही उत्तरांतला फरक घ्यावा. हा मार्ग चुकीचा आहे. जाहिरात कोणाला दाखवायची हे योगायोगाने ठरत नाही; त्या प्रकारच्या वस्तूंमध्ये आधीच रस असलेल्या माणसांना शोधून ती दाखवली जाते. शिवाय जो दिवसभर व्हिडिओ पाहतो त्याच्यापर्यंत ती पोहोचण्याची शक्यता अधिक असते आणि अशा माणसाला एकूणच जास्त ब्रँड माहीत असू शकतात. तेव्हा ‘पाहिलेले’ आणि ‘न पाहिलेले’ हे दोन गट जाहिरातीच्या आधीपासूनच वेगळे असतात आणि तो जुना फरक जाहिरातीच्या खात्यावर जमा होतो.

म्हणून मोहीम सुरू होण्यापूर्वीच सोडत काढावी लागते. ज्यांना जाहिरात दाखवण्याचे ठरले आहे त्यांच्यातूनच काही लोक यादृच्छिक पद्धतीने बाजूला काढायचे आणि मोहीम संपेपर्यंत त्यांना ती जाहिरात दाखवायची नाही. हा तुलना गट. सोडत खरी असेल आणि गट मोठे असतील, तर वय, आवडीनिवडी, व्हिडिओ पाहण्याचा वेळ अशा सर्व बाबतींत दोन्ही गट सरासरीने सारखेच राहतात.

एवढ्यानेही काम पूर्ण होत नाही. समजा, जाहिरात दाखवायच्या गटातील शेकडा ४० लोकांनाच ती प्रत्यक्षात दिसली, कारण बाकीचे त्या काळात फिरकलेच नाहीत किंवा त्यांच्या वेळची जागा दुसऱ्या जाहिरातदाराने जास्त बोली लावून घेतली. जाहिरात दिसलेल्यांमध्ये ब्रँडची ओळख शेकडा ४ने वाढली असली, तरी पूर्ण गटाची सरासरी घेतल्यावर ती वाढ शेकडा १.६ इतकीच दिसेल. मग फक्त जाहिरात दिसलेल्यांनाच विचारावे म्हटले, तर तुलना गटातले त्यांच्यासारखे लोक कोणते, हा प्रश्न उरतो. गॅरेट जॉन्सन, रँडल लुइस आणि एल्मार नुबेमायर या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘घोस्ट ॲड्स’ ही पद्धत नेमकी येथे उपयोगी पडते. तुलना गटातल्या माणसाला जाहिरात दाखवण्याची वेळ आली की यंत्रणा ‘येथे ती दिसली असती’ एवढी नोंद करते आणि ती जागा पुढच्या जाहिरातीला देते. मग जाहिरात दिसलेल्यांची तुलना ती ‘दिसली असती’ अशांशी होते. ती पुढची जाहिरात प्रतिस्पर्ध्याचीही असू शकते, पण त्यात काही बिघडत नाही. आपण जाहिरात दिली नसती तर जगात तेच घडले असते.

जाहिरात मध्येच सोडून देणाऱ्यांना हिशेबातून वगळण्याचा मोह येथे अनेकांना होतो. शेवटपर्यंत पाहणारे बहुधा आधीपासूनच रस असलेले असतात, आणि तुलना गटातल्या कोणी ती शेवटपर्यंत पाहिली असती हे कळायला काही मार्ग नाही. वगळणी एकाच गटात झाली की सोडतीने साधलेला सारखेपणा गेला. म्हणून पाच सेकंदांत निसटलेलेही मोजणीत राहिलेच पाहिजेत.

प्रश्न दोन्ही गटांना शब्दशः एकच हवा आणि त्यात जाहिरातीचा उल्लेख नसावा. ‘यांपैकी कोणते ब्रँड आपण ऐकले आहेत?’ असे विचारून आपल्या ब्रँडसोबत प्रतिस्पर्ध्यांची नावे द्यावीत, ‘यांपैकी कोणतेही नाही’ हा पर्याय ठेवावा आणि नावांचा क्रम प्रत्येकासाठी बदलावा. यादीत अस्तित्वातच नसलेले एखादे नाव घातले, तर किती लोक न वाचता टिचकी मारत आहेत याचाही अंदाज येतो. जाहिरात दिसल्यानंतर जितक्या वेळाने पहिल्या गटाला विचारले, तितक्याच वेळाने, म्हणजे ‘दिसली असती’ या नोंदीपासून मोजून, दुसऱ्या गटाला विचारावे.

आता एक काल्पनिक हिशेब पाहू. प्रत्येक गटातून २,००० उत्तरे आली. तुलना गटात शेकडा ३० जणांनी ब्रँड ओळखला, जाहिरात दिसलेल्यांत शेकडा ३४ जणांनी. निव्वळ वाढ शेकडा ४ झाली. हीच वाढ मूळच्या ३०च्या तुलनेत सांगितली तर ती १३ टक्के होते, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर कोणता आकडा ठळक छापला जातो हे सांगायला नकोच. नमुन्यातल्या योगायोगाचा विचार केला तर ९५ टक्के विश्वासपातळीवर या ४च्या दोन्ही बाजूंना सुमारे २.९ची मर्यादा येते, म्हणजे खरी वाढ साधारण १.१ ते ६.९ यांच्या दरम्यान असावी. मोहीम १० लाख लोकांपर्यंत पोहोचली असेल, तर ब्रँड नव्याने ओळखणारे ४०,००० असे सांगितले जाईल. प्रत्यक्षात ते ११,००० असू शकतात, तसेच ६९,०००ही असू शकतात.

उत्तरे २,०००ऐवजी ५०० असती, तर मर्यादा ५.८पर्यंत रुंदावली असती आणि शून्य तिच्या आत आले असते. मग वाढ झाली असे म्हणताच आले नसते. उलट, शेकडा २ची वाढ पाचपैकी चार वेळा तरी पकडता यावी असे वाटत असेल, तर प्रत्येक गटातून सुमारे ८,४०० उत्तरे लागतात. अपेक्षित फरक निम्मा झाला की लागणारी उत्तरे चौपट होतात. ‘तरुणांमध्ये वाढ झाली, मोठ्यांमध्ये नाही’ अशा निष्कर्षांकडे म्हणूनच संशयाने पाहावे, कारण तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्यातली उत्तरे थोडी उरतात, आणि वीस तुकडे तपासले तर जाहिरातीचा काहीही परिणाम नसतानाही एखाद्यात फरक ‘सिद्ध’ झाल्यासारखा दिसतो.

मोठा नमुना एका दोषावर मात्र उपाय नाही. सर्वेक्षणाला बहुतेक लोक उत्तर देतच नाहीत. हे दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात होत असेल तर तुलना टिकते, पण जाहिरात आवडलेलेच उत्तर द्यायला अधिक पुढे येत असतील तर वाढ फुगते. त्यासाठी दोन्ही गटांतले उत्तर देण्याचे प्रमाण आणि उत्तर देणाऱ्यांची वयोरचना शेजारी मांडून पाहावी. आणखी चांगली कसोटी म्हणजे मोहिमेशी काहीच संबंध नसलेल्या, वेगळ्याच प्रकारच्या वस्तूच्या ब्रँडबद्दल तोच प्रश्न विचारणे. त्यातही पहिला गट ठळकपणे पुढे दिसला, तर फरक जाहिरातीचा नसून गटांचा आहे.

एक मर्यादा आधीच ठाऊक असलेली बरी. जाहिरात दिसल्यावर एक-दोन दिवसांत विचारलेला प्रश्न ताजी आठवण मोजतो, आणि ती किती टिकली हे पाहायचे तर काही आठवड्यांनी दोन्ही गटांतल्या नव्या लोकांना पुन्हा विचारावे लागते. तोपर्यंत तुलना गटाला जाहिरात दिसता कामा नये. मोहीम संपताच राखून ठेवलेल्या लोकांना पुढच्या मोहिमेत सोडून देण्याची पद्धत आहे, आणि त्यानंतर ही दुसरी मोजणी करता येत नाही.