कडेचा हिशेब: हिरव्या पडद्यापासून फोनच्या बॅकग्राउंड इफेक्टपर्यंत

इन्स्टाग्रामसारख्या ॲपमध्ये ‘ग्रीन स्क्रीन’ नावाचा इफेक्ट असतो. तो लावला की आपल्या मागची भिंत जाते आणि तिथे गॅलरीतला कुठलाही फोटो येतो. गंमत म्हणजे या इफेक्टला हिरवा पडदा लागतच नाही. दुसरीकडे काइनमास्टरसारख्या एडिटिंग ॲपमध्ये ‘क्रोमा की’ असते आणि तिला मात्र मागे खरोखरचे हिरवे कापड हवे असते. दोन्हींचा परिणाम वरवर सारखा दिसतो, पण माणसाची कडा शोधण्याच्या त्यांच्या रीती अगदी वेगळ्या आहेत. संध्याकाळी एका ट्यूबलाइटखाली चित्रीकरण केले की दोन्हींची कडा बिघडते. ती का बिघडते हे समजायला थोडे मागे जावे लागते.

एकाच चित्रात दोन ठिकाणची दृश्ये बसवण्याची पहिली युक्ती काळ्या कापडाची होती. काळ्या भागातून फिल्मवर प्रकाश पडत नाही, म्हणून तेवढा भाग कोरा राहतो. फिल्म मागे गुंडाळून त्या कोऱ्या जागी दुसरे दृश्य टिपता येते. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस या चित्रपटकाराने १८९८ मध्ये याच रीतीने स्वतःचे डोके धडावेगळे करून टेबलावर ठेवून दाखवले. दादासाहेब फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारांनाही फिल्मवर पुन्हा पुन्हा प्रकाश पाडण्याच्या तंत्राचा आधार होता. पण यात पात्राला ठरलेल्या जागेबाहेर सरकता येत नसे. फ्रँक विल्यम्स या अमेरिकी कॅमेरामनने १९१८ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत काळ्या पडद्यासमोरच्या माणसाची छायाकृती प्रत्येक फ्रेममधून वेगळी काढली जाई. हीच छायाकृती म्हणजे मॅट. कुठे माणूस ठेवायचा आणि कुठे नवे दृश्य दाखवायचे, हे ती सांगते. तिच्यातला दोषही लगेच कळला. माणसाच्या अंगावरची गडद सावली आणि मागचा काळा पडदा यांत फरक करता येईना. उजेड कमी पडला की कडा फाटते, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

मग रंगाची मदत घेतली गेली. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’साठी लॅरी बटलर या स्पेशल इफेक्ट्सच्या तंत्रज्ञाने निळ्या पडद्याची पद्धत वापरली. माणसाच्या त्वचेत निळा रंग सर्वांत कमी, म्हणून निळा निवडला. तरी केस, धूर, काच आणि झिरझिरीत कापड यांच्याभोवती निळी रेघ उरायचीच.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पेट्रो व्लाहोस या अमेरिकी तंत्रज्ञाचा वाटा. त्यांनी मॅट काढण्याच्या दोन वेगळ्या वाटा दाखवल्या. पहिली सोडियम दिव्यांची. सोडियमचा दिवा साधारण ५८९ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे जवळजवळ एकाच रंगाचा पिवळा प्रकाश देतो. पडद्यावर हा प्रकाश टाकायचा आणि नटांवर नेहमीचा पांढरा. कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश प्रिझमने दोन फिल्मांवर वाटायचा. एका फिल्मवर सोडियमची लहर सोडून बाकी सगळे रंग, दुसरीवर फक्त सोडियमची लहर. अशा प्रकारे दुसरी फिल्म थेट मॅट होऊनच बाहेर येई. कुठे अंदाज नाही, कुठे रंगांची वजाबाकी नाही. १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’मधली चित्रांतल्या दुनियेत वावरणारी माणसे याच तंत्राने बसवलेली आहेत आणि त्यांच्या कडा आजही स्वच्छ दिसतात. वॅड्सवर्थ पोल, अब आयवर्क्स आणि व्लाहोस यांना या कामासाठी ऑस्कर अकादमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. मात्र खास कॅमेरा आणि दुर्मीळ प्रिझम लागत असल्याने ही वाट पुढे बंद झाली.

टिकली ती त्यांची दुसरी वाट, म्हणजे रंगांतल्या फरकाची. ती १९५९ च्या ‘बेन हर’मध्ये वापरली गेली आणि आज फोनमधली क्रोमा कीही मुळात याच तत्त्वावर चालते. हिरव्या कापडाच्या बाबतीत तिचा हिशेब असा : प्रत्येक बिंदूत हिरवा हा लाल आणि निळा यांतल्या मोठ्या आकड्यापेक्षा किती जास्त आहे ते पाहायचे. फरक मोठा असेल तर तो पडदा, फरक नसेल तर माणूस. फरक मधला असेल तर तो बिंदू थोडा माणसाचा आणि थोडा पडद्याचा. हे ‘मधले’ मोजता येणे हाच खरा शोध होता, कारण केस मधल्यातच राहतात.

केस किती बारीक, ते फोनच्या मापात पाहू. उभ्या १०८० बाय १९२० च्या व्हिडिओत छातीपर्यंतचा माणूस धरला आणि चौकटीची रुंदी ६० सेंटिमीटर आली, तर एक पिक्सेल सुमारे ०.५५ मिलिमीटरचा होतो. केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. म्हणजे एकटा केस पिक्सेलचा जेमतेम आठवा भाग भरतो आणि उरलेले सात भाग मागचा पडदा असतो. त्यातून बहुतेक फोन व्हिडिओ साठवताना प्रत्येक पिक्सेलचा उजळपणा ठेवतात, पण रंग मात्र चार पिक्सेलांना मिळून एकच ठेवतात. एरवी डोळ्याला हे कळत नाही. क्रोमा की मात्र सगळी भिस्त रंगावरच ठेवते, त्यामुळे भरपूर उजेडातही तिच्या हाती आडवा आणि उभा अर्धाच बारकावा लागतो.

डिजिटल काळात निळ्याऐवजी हिरवा पडदा पुढे आला त्याचे एक कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्येच आहे. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटमधली रचना आज बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. तिच्यात अर्धे बिंदू हिरवा मोजतात आणि उरलेल्या अर्ध्यांत लाल आणि निळा. साहजिकच हिरव्याचे मोजमाप सर्वांत भरवशाचे असते.

आता कमी उजेड. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या येण्यात मुळातच चढउतार असतो. एका बिंदूवर दहा हजार कण पडले तर चढउतार शंभरचा, म्हणजे एक टक्का. शंभरच कण पडले तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. यात फोनची चूक काही नाही. सेन्सर लहान असल्याने त्याच्या वाट्याला कणच कमी येतात. फोन मग आलेला संकेत फुगवतो, पण त्याबरोबर चढउतारही फुगतो आणि चित्रात दाणे दिसू लागतात.

समजा, चांगल्या उजेडात कापडाचे आकडे लाल ६०, हिरवा १७०, निळा ७० आहेत. फरक शंभराचा आणि दाणे दोन-तीन आकड्यांचे. निवाडा सोपा आहे. आता उजेड कमी केला आणि कापडाच्या सुरकुतीत लाल ३०, हिरवा ६०, निळा ४० उरले. फरक विसावर आला आणि दाणे आठ-दहा आकड्यांचे झाले. तोच बिंदू एका फ्रेममध्ये पडदा ठरतो आणि पुढच्या फ्रेममध्ये माणूस. स्लायडर सरकवून पडदा पूर्ण घालवायला जावे तर केसही कापले जातात, कारण दोघांचे आकडे एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यावर फोन दाणे घालवण्यासाठी चित्र गुळगुळीत करतो आणि त्यात बारीक केस सर्वांत आधी पुसले जातात.

दुसरे नुकसान शटरचे. उजेड कमी असला की ऑटोमध्ये फोन शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १/३० सेकंदापर्यंत. हात सावकाश, सेकंदाला अर्धा मीटर हलला तरी तेवढ्या वेळात तो १७ मिलिमीटर सरकतो. आपल्या मापात हे ३० पिक्सेल झाले. बोटांची कडा आता रेघ राहत नाही, ३० पिक्सेल रुंद पट्टा होतो आणि त्यात त्वचा आणि हिरवा एकत्र कालवलेले असतात. शटर १/१२० असते तर तोच पट्टा सात-आठ पिक्सेलांचा झाला असता.

कापडाशिवायच्या इफेक्टची गोष्ट वेगळी. तिथे पडद्याचा रंग ठाऊक नसतो, म्हणून हजारो चित्रांवर शिकवलेले न्यूरल नेटवर्क माणसाचा आकार ओळखते. गूगलने २०१८ मध्ये यूट्यूबसाठी हे फोनवर चालवून दाखवले आणि त्यात आधीच्या फ्रेमचा मास्क, म्हणजे मॅटच, पुढच्या फ्रेमला आधार म्हणून दिला जाई. हे सगळे सेकंदाला ३० वेळा करायचे, म्हणून चित्र आधी खूप लहान केले जाते. गूगल मीटसाठी २०२० मध्ये जे मॉडेल जाहीर झाले ते २५६ बाय १४४ चे, आणि कमी ताकदीच्या यंत्रांसाठी १६० बाय ९६ चे. आपली ६० सेंटिमीटरची चौकट १४४ बिंदूंत वाटली तर एक बिंदू चार मिलिमीटरहून मोठा होतो. त्यात सुटा केस दिसणे शक्यच नाही. मग मूळ चित्रातला उजळपणा पाहून मास्कची कडा नीट बसवली जाते. कमी उजेडात नेमका हाच टेकू निखळतो : काळे केस आणि मागचा अंधारा कोपरा यांच्या उजळपणात फरकच नसतो. विल्यम्सच्या काळ्या पडद्यापुढे जी अडचण होती, तीच इथे परत येते.

कडा कशाने बिघडली ते ओळखायला व्हिडिओ थांबवून एकेक फ्रेम पुढे न्यावी. माणूस स्थिर असूनही कडा फ्रेमगणिक थरथरत असेल तर दाणे. चेहरा स्वच्छ आणि फक्त हलणारा हात फाटत असेल तर शटर. खांद्यांभोवती सारखी हिरवी झाक असेल तर कापडावरून परतलेला उजेड अंगावर पडतो आहे. कापडापासून निदान चार-पाच फूट पुढे सरकावे. कानाचा तुकडा किंवा केसांची बट सरसकट गायब असेल, तर दोष बहुधा लहान मास्कचा आहे.

दाणे आणि शटर या दोन्हींवर उपाय एकच, जास्त उजेड. पण तो कापडावर आणि माणसावर वेगवेगळा हवा. एकच ट्यूब डोक्यावर असेल तर माणसाची सावली कापडावर पडते आणि फरकाचे आकडे तिथेच कोसळतात. दिवसा खिडकीकडे तोंड करून उभे राहणे कितीतरी बरे. प्रो मोड असेल तर शटर १/१०० ला बांधावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूब आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. १/१०० त्या लयीत बसते आणि १/१२० ला पट्टे उमटू शकतात. पुढच्या कॅमेऱ्याऐवजी मागचा मुख्य कॅमेरा वापरला तर सेन्सर सहसा मोठा मिळतो. केसांमागे खिडकीसारखी लखलखीत वस्तू मात्र येऊ देऊ नये, कारण तिचा उजेड केसांवरून सांडतो आणि मग कुठलाही मास्क ती कडा परत आणू शकत नाही.