आरसीवरची इंधनाची नोंद: गॅस किट ते इलेक्ट्रिक, मागचा इतिहास

किट बसवलं, गाडी गॅसवर चालू लागली, पण आरसीवर इंधनाच्या रकान्यात अजून ‘पेट्रोल’च आहे. अशा गाड्या आजही सर्रास विकल्या जातात. हा घोळ मालकाच्या आळसामुळेच होतो असं नाही. त्यामागे कायद्यातल्या एका शब्दाचा प्रवास आहे: ‘आल्टरेशन’, म्हणजे गाडीतला बदल.

1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 52 सरळ होतं. आरसीवरचा तपशील चुकीचा ठरेल असा बदल करायचा असेल तर आधी कळवा, मंजुरी घ्या आणि मग करा. वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडला तर मंजुरीही लागत नसे. गॅस किटला मात्र ही सवलत पुरणारी नव्हती. नऊशे किलोच्या गाडीचे दोन टक्के म्हणजे अठरा किलो, आणि डिकीतलं साठ लिटरचं लोखंडी सिलिंडर एकटंच पन्नास-साठ किलोचं.

2000 साली हे कलम पूर्ण फिरवलं गेलं. मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल गाडीत करायचाच नाही, अशी बंदी आली. पण त्याच वाक्याला एक अपवाद जोडला गेला. दुसऱ्या इंधनावर गाडी चालावी म्हणून कन्व्हर्जन किट लावून इंजिनात केलेला फेरफार चालेल, मात्र ठरवून दिलेल्या अटींवर. अपवादात सीएनजी आणि एलपीजीबरोबर बॅटरीचाही उल्लेख होता. म्हणजे इलेक्ट्रिक रूपांतराचं दार कायद्याने तेव्हाच उघडलं होतं. रेट्रोफिट इलेक्ट्रिक किटच्या चाचणीचे नियम मात्र 2016 साली आले, आणि मधली पंधरा-सोळा वर्षं ते दार कागदावरच राहिलं.

खरा गोंधळ झाला जानेवारी 2019 मध्ये. उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असा निकाल देशातल्या सर्वात वरच्या न्यायालयाने दिला. बातम्यांमधून लोकांपर्यंत पोहोचलं ते एवढंच: ‘गाडीत कुठलाही बदल बेकायदा’. जाड टायर, वाढवलेली बॉडी आणि मान्यताप्राप्त गॅस किट हे सगळं एकाच माळेत ओवलं गेलं. किट लावलेली गाडी आता पासिंगला न्यायचीच नाही, असं ठरवून गप्प बसलेले मालक मी पाहिले आहेत, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. निकालाचा रोख मूळ रचनेवर होता. इंधनाचा अपवाद कलमात होता तसाच राहिला, आणि नोंद करून घेण्याची वाटही बंद झाली नाही. हे तेव्हाच ठळकपणे सांगायला हवं होतं.

अपवादाच्या अटी कुठे आड येतात, ते एका उदाहरणातून पाहू. किटची मान्यता इंजिनाच्या क्षमतेला बांधलेली असते. 1500 सीसीपर्यंत सात टक्के कमी-जास्त चालतं, त्यापुढे पाच टक्के. समजा, किटची चाचणी 1200 सीसीच्या इंजिनावर झाली आहे. सात टक्के म्हणजे 84, म्हणून ते किट 1116 ते 1284 सीसीच्या गाडीला चालेल. 1197 सीसीची गाडी यात बसते. 1298 ची चौदा सीसीने बाहेर राहते, मग फिटिंग कितीही सफाईदार असो.

तपासणीच्या दिवशी निरीक्षक डिकी उघडायला सांगतो आणि सिलिंडरच्या मानेजवळ ठोकलेला नंबर वाचतो. तो नंबर फिटिंग सेंटरच्या दाखल्यावरच्या नंबराशी जुळायला हवा. एका आकड्याचाही फरक निघाला तर दाखला दुरुस्त करून आणावा लागतो. सीएनजी सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, म्हणून चाचणीची तारीखही पाहिली जाते. किट बसल्यापासून चौदा दिवसांत कळवायचं असतं. नोंद झाली की इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/सीएनजी’ येतं आणि तेच विमा कंपनीला दाखवायचं. पॉलिसीत किट नसेल, तर अपघातानंतर दाव्याचं भांडण तिथूनच सुरू होतं.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या आणि आणखी एक पोकळी तयार झाली. या गाड्यांना बाहेरून किट बसवण्याचे नियमच नव्हते. ते ऑगस्ट 2022 मध्ये साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांसाठी आले. मधल्या सव्वादोन वर्षांत बीएस-6 गाडीला किट लावलेल्यांकडे दाखवायला मान्यतेचा कागद नव्हता. जुनी गाडी घेताना फिटिंगच्या दाखल्यावरची तारीख म्हणूनच पाहावी.

इलेक्ट्रिकमध्ये नोंद आणखी खोलवर बदलते. गॅस किटमध्ये जुनं इंजिन जागेवरच राहतं, इथे ते निघून जातं. आरसीवर इंजिन नंबराच्या जागी मोटरचा नंबर येतो आणि गाडीची पाटी हिरवी होते.