अडीच मायक्रॉनचं कोटिंग किती कठीण?

उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सोनेरी कोटिंगचं हायस्पीड स्टीलचं ड्रिल रॉकवेल मशीनवर ठेवलं, समजा आकडा आला ६४ एचआरसी. कोटिंग नसलेलं ड्रिलही तेवढंच दाखवतं. मग कोटिंगचे पैसे गेले कुठे? मशीन बरोबरच सांगतंय. ६४ एचआरसी म्हणजे १५० किलोच्या भाराने पडलेला सुमारे ७२ मायक्रॉनचा खड्डा, आणि टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो जेमतेम अडीच मायक्रॉनचा. मोजलं गेलं ते खालचं स्टील.

थर मोजायचा तर खड्डा इतका लहान हवा, की तो साध्या मायक्रोस्कोपखाली नीट मोजता येत नाही. म्हणून नॅनोइंडेंटेशनमध्ये तीन बाजूंचं, बर्कोविच आकाराचं हिऱ्याचं टोक दाबताना आणि उचलताना भार व खोली सतत नोंदवत जातात. आलेखाची चढती रेषा फारशी कामाची नाही, कारण तिच्यात कायमचं दबणं आणि स्प्रिंगसारखं दबणं मिसळलेलं असतं. उतरताना मात्र पदार्थ फक्त स्प्रिंगसारखा परततो. त्या उतरत्या रेषेच्या अगदी वरच्या टोकाचा उतार हाच टोक आणि पदार्थ यांच्या स्पर्शाचा ताठरपणा, असं धरून ऑलिव्हर आणि फार या संशोधकांनी १९९२मध्ये आज सर्रास वापरली जाणारी पद्धत मांडली.

एक उदाहरण करून बघू. भार १० मिलिन्यूटन, कमाल खोली १६० नॅनोमीटर, उतार ०.२४ मिलिन्यूटन प्रति नॅनोमीटर. भाराला उताराने भागून ०.७५ने गुणलं की ३१ येतात. टोकाभोवतीचा पृष्ठभाग तेवढा खाली वाकलेला असतो, म्हणजे खरा स्पर्श १२९ नॅनोमीटर खोलीपर्यंतच. आदर्श टोकाचं क्षेत्रफळ म्हणजे या खोलीचा वर्ग गुणिले २४.५, सुमारे ०.४१ चौरस मायक्रॉन. भार भागिले क्षेत्रफळ केलं की काठिण्य सुमारे २४.५ गिगापास्कल. इथे सरळ १६० धरले असते, तर उत्तर १६वर आलं असतं! उतार आणि क्षेत्रफळ यांवरून, हिऱ्याचं स्वतःचं दबणं वजा करून, पदार्थाच्या ताठरपणाचं माप असलेला यंग गुणांक ४४० गिगापास्कलच्या आसपास निघतो.

काठिण्यासाठी थराच्या दहा टक्क्यांपेक्षा, इथे २५० नॅनोमीटरपेक्षा, खोल जायचं नाही असा नियम आहे. गुणांकाला मात्र तो पुरत नाही. गादीवरच्या सतरंजीवर बोट हलकं टेकवलं तरी खालची गादी दबतेच, तसा स्प्रिंगसारखा ताण थराच्या पार खाली, २१० गिगापास्कलच्या स्टीलपर्यंत पोचतो. म्हणून वेगवेगळ्या भारांवर मोजून, खोली वाढते तसा गुणांक कसा घसरतो ते आलेखावर मांडतात आणि रेषा शून्य खोलीपर्यंत मागे नेतात.

फार उथळ गेलं तरी पंचाईत होते. टोक झिजून बोथट झालेलं असतं आणि २४.५चं सूत्र लागू पडत नाही; आधी सुमारे ७२ गिगापास्कल गुणांकाच्या क्वार्ट्‌झ काचेवर टोकाचं खरं क्षेत्रफळ ठरवून घ्यावं लागतं. त्यात पृष्ठभाग खडबडीत असला, तर एकाच थराचे आकडे जागोजागी वेगळे येतात. आकडे असे विखुरले, तर सरासरी काढण्याआधी नमुना पॉलिश झालाय का ते बघावं.