हळदीचा वायदा जास्त म्हणजे तेजी? तसं नसतं हो

परवा सांगलीच्या मार्केट यार्डात चहाच्या टपरीवर एक काका मोबाईल दाखवत होते, हजर हळद, म्हणजे आज हातात मिळणारी, क्विंटलला 14,000 रुपये आणि तीन महिन्यांनंतरचा वायदा, म्हणजे तेव्हा द्यायच्या-घ्यायच्या मालाचा आज ठरणारा भाव, 14,500, म्हणजे वरच्या लोकांना तेजी आधीच कळलीय, माल धरून ठेवा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पण हेच. आकडे सोयीसाठी गोल केलेत मी, पण गैरसमज अगदी असाच होता. ते 500 रुपये बहुतेक वेळा कुणाचं भविष्य नसतं, ते नुसतं व्याज आणि गोदामभाडं असतं.

बघा, तुम्हाला तीन महिन्यांनी एक क्विंटल हळद हवीय. एक तर आज 14,000 ला घेऊन ठेवा. पैसे वर्षाला 10 टक्क्यांनी उचललेत असं धरा, तीन महिन्यांचं व्याज 350. गोदामाचं भाडं महिन्याला 30 म्हणजे 90. हमाली, तपासणी, विमा मिळून 60. झाले 500. दुसरा रस्ता म्हणजे आज काहीच न घेता वायदा घ्यायचा. दोन्हीकडे शेवटी हळद तीच, मग वायदा 14,500 च्या आसपासच असणार. या सांभाळायच्या खर्चाला कॉस्ट ऑफ कॅरी म्हणतात आणि हजर वजा वायदा जो फरक येतो तो बेसिस, इथं उणे 500.

आता मला आवडणारा भाग. समजा उत्साहात वायदा 15,000 ला गेला. एखादा व्यापारी काय करेल? 14,000 ला हजर माल घेईल, एक्सचेंजने मान्य केलेल्या गोदामात टाकेल आणि त्याच दिवशी 15,000 ला वायदा विकेल. नंतर भाव पडून शेवटच्या दिवशी 12,800 झाला तरी वायद्यात त्याला 2,200 सुटले आणि माल 12,800 ला गेला, बेरीज 15,000 च. खरेदी आणि खर्च 14,500, राहिले 500, म्हणजे 50 क्विंटलच्या एका सौद्याला 25,000, आणि तेजीमंदीचं मत कशाला हवं! असे चार जण हजर घ्यायला आणि वायदा विकायला लागले की फरक आपोआप आवळतो. फक्त मधे भाव चढला तर वायद्यातला तोटा रोजच्या रोज भरावा लागतो, हळद गोदामात पडून आणि खिशात रोकड नाही, तिथं भलेभले अडकतात.

दिवस कमी होतील तसं सांभाळायचे दिवसही कमी. एक महिना उरला आणि हजर 13,200 असेल तर व्याज 110, भाडं 30, किरकोळ 20, वायदा साधारण 13,360. भाव पडला तरी फरक 500 वरून 160 वर आला. शेवटच्या दिवशी सांभाळायचंच काही नाही, वायदा विकणारा माल देणार आणि घेणारा उचलणार, मग दोन भाव वेगळे राहतील कसे? काही जण ह्याला अमावस्येचा फेरा म्हणतात. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळदीचा सौदा 20 तारखेला संपतो, अमावस्या कधीही असो!

उलटं झालं, म्हणजे वायदा हजरपेक्षा खाली गेला, तर हिशोब लंगडा पडतो. तेव्हा हजर माल विकून वायदा घ्यायला हवा, पण विकायला माल आधी हातात पाहिजे ना. साठा असतो तो शेतकऱ्याकडे किंवा साठेबाजाकडे, आणि टंचाईत मसाला कारखान्याला आजच हळद लागते, तीन महिन्यांनी नाही, म्हणून तो हजरला जास्त मोजतो. त्यातून पुढचा वायदा नवीन पिकानंतरचा असेल तर मधे आवक येऊन पडणार. त्यामुळे वायदा वर जायला खर्चाची मर्यादा आहे, खाली जायला तशी पक्की नाही.

सांभाळणं म्हणजे काय हे हरिपूरच्या लोकांना शिकवायला नको. तिथं पिढ्यान्‌पिढ्या हळद जमिनीतल्या पेवात ठेवायचे, आणि 2005 च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरलं. विम्याचे ते थोडे रुपये हिशोबात का धरायचे ते तेव्हा कळलं.

आणि एक मेख. वायद्याचा मूळ भाव निजामाबादच्या हळदीचा, ठरलेल्या ओलाव्याचा आणि प्रतीचा. आपल्या यार्डातली राजापुरी जातीची हळद वेगळी, वाहतूक वेगळी, म्हणून शेवटच्या दिवशीसुद्धा सांगलीचा भाव आणि वायदा यात फरक उरतो. माझा एक अडत्या मित्र दर 20 तारखेला तो फरक वहीत लिहून ठेवतो, हंगामाला वेगळा, आवक आटल्यावर वेगळा. वायदा 15,000 आणि वहीत सांगली साधारण 300 नी खाली असेल तर तो शेतकऱ्याला 14,700 धरून चालायला सांगतो.