माइकची सळसळ की प्रीअँपची सळसळ? कानाला सारखीच, पण उपाय वेगळा

गेन पूर्ण उजवीकडे, समोर कोणी बोलत नाहीये, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि तरी हेडफोनमध्ये लांब कुठेतरी नळ सोडल्यासारखं स्स्स्स् चालूच. असं झालं की बहुतेक जण एकच म्हणतात, माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा प्रीअँप भिकार आहे, नवीन घे. कधीकधी ते बरोबर असतं. पण कधीकधी ती सळसळ प्रीअँपची नसतेच, ती माइकच्या आतल्या तांब्याच्या बारीक तारेची असते आणि प्रीअँपवर कितीही पैसे ओता, ती तिथेच राहते. गोंधळ होतो कारण दोन्ही ऐकायला हुबेहूब सारख्या, कानाने वेगळ्या काढताच येत नाहीत. पण मोजून काढता येतात आणि त्याला महागडं मीटरसुद्धा लागत नाही.

आधी माइकची बघू. कुठलाही रेझिस्टर नुसता टेबलावर पडलेला असला, कशालाही जोडलेला नसला तरी त्याच्या दोन टोकांमध्ये एक अतिशय बारीक, सतत बदलणारं व्होल्टेज असतं. उष्णतेमुळे आतले इलेक्ट्रॉन इकडेतिकडे धडपडत असतात, त्याचंच ते व्होल्टेज. १९२८ मध्ये बेल लॅब्समधल्या जॉन्सनने हे मोजून दाखवलं आणि नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं, ते एका ओळीचं आहे:

```
e = √(4 k T R B)
```

R म्हणजे किती ओहम, T म्हणजे केल्विनमधलं तापमान, B म्हणजे किती हर्ट्झच्या पट्ट्यात आपण मोजतोय, आणि k हा बोल्ट्झमनचा स्थिरांक. बस एवढंच. रेझिस्टर कुठल्या कंपनीचा, कार्बनचा की मेटल फिल्मचा, हे ह्या सूत्रात कुठेच नाही. (कार्बनवाल्यातून डीसी करंट गेला की तो वरून अजून आवाज घालतो हे खरं, पण ते वेगळं प्रकरण.)

डायनॅमिक माइकची कॉइल म्हणजे तांब्याची तार, म्हणजे रेझिस्टरच की. स्टुडिओतल्या माइकचा ठरलेला आकडा १५० ओहम धरतात. २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्विन, आणि २० किलोहर्ट्झचा पट्टा घेऊन सूत्रात टाकलं की साधारण ०.२२ मायक्रोव्होल्ट येतं. ऑडिओवाल्यांच्या भाषेत, ०.७७५ व्होल्टला शून्य धरून, उणे १३१ डीबीयूच्या आसपास. हा झाला तुमचा तळ. प्रीअँप अगदी आदर्श असला, स्वतःचा एक कणही आवाज न घालणारा, तरी ६० डीबी गेन म्हणजे हजारपट, तर बाहेर ०.२२ मिलिव्होल्ट सळसळ येणारच, कारण ती त्याने केलेलीच नाही, त्याने फक्त मोठी केली. खोलीत एसी लावून काही होईल का, तर नाही, ती ३ डीबीने कमी करायला माइक उणे १२३ अंशांवर न्यावा लागेल. मे महिन्यात खोली १० अंशांनी जास्त तापली तरी फरक ०.१४ डीबीचा.

हा आकडा ऐकायला फारच बारीक वाटतो म्हणून तो आवाजाशी जोडून बघू. शुअरचा SM7B घ्या, पॉडकास्टवाल्यांचा लाडका आणि आउटपुट अगदी कमी असलेला. १ पास्कल म्हणजे ९४ डीबी आवाजाला तो १.१२ मिलिव्होल्ट देतो. माणूस शांतपणे बोलतोय आणि माइकपाशी आवाज ७४ डीबी पोचतोय असं धरलं, तर ते पास्कलचा दहावा भाग, म्हणजे सिग्नल ०.११२ मिलिव्होल्ट. तळाच्या ०.२२ मायक्रोव्होल्टच्या साधारण ५०० पट, म्हणजे ५४ डीबी. जगातला सगळ्यात चांगला प्रीअँप लावला तरी ह्या माइकवर, ह्या आवाजाला, ५४ च्या पुढे जाता येत नाही. तोंड माइकच्या दुप्पट जवळ आणलं की मात्र जवळपास ६ डीबी मिळतात, आणि ते फुकट.

आता दुसरी सळसळ, प्रीअँपची स्वतःची. पहिल्या स्टेजमधल्या ट्रान्झिस्टरचा आणि आजूबाजूच्या रेझिस्टरचा मिळून एक आवाज असतो, तो इनपुटला आहे असं मानून सांगतात. डेटाशीटमध्ये तो नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ असा दिलेला असतो. त्याच भाषेत आपला १५० ओहम म्हणजे १.५८, हा एक आकडा लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं. THAT 1512 सारखी माइकसाठीच बनवलेली चिप पूर्ण गेनला साधारण १ असते आणि जुना NE5532 ऑपअँप ५.

इथे मुख्य मुद्दा असा की हे दोन आवाज सरळ बेरीज होत नाहीत, कारण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, म्हणून वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ. १.५८ आणि १ मिळून २.५८ नाही होत, १.८७ होतात. म्हणजे तळापेक्षा फक्त दीड डीबी वर. ५ वाला घेतला तर ५.२४ होतात, तळापेक्षा १०.४ डीबी वर, तिथे माइकची सळसळ पार बुडून जाते आणि ऐकू येतं ते सगळं प्रीअँपचं. आणि समजा कोणी खूप खटपट करून १ चं ०.५ केलं, आवाज निम्मा, तर बेरीज १.६६, म्हणजे मिळाला किती तर १ डीबी. मला वाटतं इथेच थांबावं, ह्यापुढे प्रीअँपवर खर्च करण्यात अर्थ नाही, कारण दीड डीबी जिंकायला उरलंय आणि ते सगळं कुणालाच मिळणार नाही.

ह्याच्यावरून डेटाशीट वाचताना जी फसगत होते ती कळते. तोच १ नॅनोव्होल्टवाला प्रीअँप इनपुट शॉर्ट करून मोजला तर उणे १३४.८ डीबीयू आणि १५० ओहम लावून मोजला तर उणे १२९.३. प्रीअँप एकच, आकड्यात साडेपाच डीबीचा फरक, कारण शॉर्ट केल्यावर तळ काढूनच टाकला ना. म्हणून दोन प्रीअँपची तुलना करताना आधी बघा इनपुटला काय लावलं होतं. आणि १५० ओहम, २० किलोहर्ट्झ, कुठलंही वेटिंग नाही असं लिहून कोणी उणे १३१ पेक्षा चांगला आकडा देत असेल तर काहीतरी लपवलंय, कारण तेवढा आवाज तर नुसता रेझिस्टरच करतो. बहुतेक वेळा ए-वेटिंग लावलेलं असतं, म्हणजे कानाला कमी ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सी कमी धरलेल्या असतात, त्याने आकडा दोनेक डीबीने छान दिसतो.

आता घरच्या घरी वेगळं कसं काढायचं. दोन एक्सएलआर मेल प्लग घ्या. एकात पिन २ आणि ३ तारेने शॉर्ट करा, दुसऱ्यात त्याच दोन पिनांमध्ये १५० ओहमचा मेटल फिल्म सोल्डर करा. प्लगचं धातूचं आवरण पिन १ ला जोडा, नाहीतर ५० हर्ट्झची घूं घूं येईल आणि मोजणी वाया जाईल. फँटम, म्हणजे केबलमधून माइकला जाणारी वीज, बंद, गेन पूर्ण, आणि मग नॉबला हात नाही लावायचा. एकेक मिनिट रेकॉर्ड करा, १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका आणि दोन्हीची आरएमएस लेव्हल बघा. किती डीबीयू ते कळायची गरज नाही, फरक बघायचा फक्त. शॉर्टवरून १५० ओहमवर गेल्यावर ५ डीबीच्या आसपास वाढ झाली तर प्रीअँप उत्तम, जे ऐकू येतंय ते बरचसं माइकचं. जेमतेम अर्धा डीबी वाढली तर प्रीअँपच एवढा ओरडतोय की रेझिस्टर आला काय नि गेला काय, त्याला पत्ताच नाही.

माझ्या दोन चॅनलच्या इंटरफेसवर ही वाढ १.६ डीबी आली. उलटं गणित केलं की प्रीअँपचा आवाज साधारण २.४ नॅनोव्होल्ट निघतो, १५० ओहमसकट उणे १२६ च्या आसपास. म्हणजे तळापर्यंत ५ डीबी जागा आहे, त्याहून जास्त नाही. माइक आणि इंटरफेसच्या मधे लावायचा बूस्टर घ्यायच्या बेतात होतो तेव्हा हे मोजलं ते बरं झालं. बूस्टर २५ डीबी गेन देतो म्हटल्यावर इंटरफेसचा आवाज अठरापट छोटा होऊन विषयच संपतो, पण मग बूस्टरचा स्वतःचा आवाज येतो, तो १.५ असला तर एकूण फायदा २.३ डीबी. जाहिरातीत २५ दिसतं पण तो गेन आहे, सळसळ २५ ने कमी होत नाही. हाच प्रयोग कंडेन्सर माइकवाल्यांनी करायचं कारण नाही, त्या माइकच्या आतल्या सर्किटची सळसळ बहुतेक वेळा ह्या तळाच्या कितीतरी वर असते, समजा १५ डीबी सेल्फ नॉइज आणि पास्कलला २० मिलिव्होल्ट असेल तर जवळपास दहापट.

ज्यांना स्वतः प्रीअँप बनवायचाय त्यांच्यासाठी अजून एक जागा, जिथे मी स्वतः अडकलो होतो. सर्किटमध्ये फँटमचे ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर दिसतात आणि सूत्राप्रमाणे दोन्ही मिळून १५ नॅनोव्होल्ट होतात, म्हणजे माइकच्या जवळपास दहापट, मग वाटतं मेलो. पण ते सिग्नलच्या वाटेत नाहीत, माइकला समांतर आहेत, आणि माइकचा १५० ओहम त्यांचा आवाज जवळजवळ शॉर्टच करून टाकतो, इनपुटला ०.१६ नॅनोव्होल्ट उरतो. मोठे रेझिस्टर निरुपद्रवी. घात करतात ते वाटेत सिरीजमध्ये बसलेले छोटे. फँटमच्या झटक्याने चिप जळू नये म्हणून मी दोन्ही बाजूंना शंभर-शंभर ओहम टाकले होते, शंभर म्हणजे काय विशेष असं वाटून. पण त्यामुळे सोर्स १५० चा ३५० ओहम झाला आणि १ नॅनोव्होल्टची चिप असून एकूण २.६ झाले. चिप दोनदा बदलून बघितली, फरक शून्य. शेवटी ते काढून दहा-दहा ओहम टाकले आणि डायोड होते तसेच ठेवले, गणिताने अडीच डीबी कमी व्हायला हवी होती आणि १५० ओहमचा प्लग लावून रेकॉर्ड केलं तर तेवढीच झाली.